चारचौघांत नवरा माझी मस्करी करतो, आणि नंतर म्हणतो 'एवढं काय त्यात?'

सागरगोटा | १९ सप्टेंबर, रात्री ११.४०

गणपती झाले, चाकरमानी परत गेले, घर शांत झालं. माझ्या डोक्यातून मात्र एक गोष्ट जात नाही, म्हणून इथे लिहितेय.

माझं माहेर गडहिंग्लजचं. लग्नाला आठ वर्षं झाली. आम्ही कुडाळला राहतो आणि गणपतीला वेंगुर्ल्याजवळच्या मूळ घरी जातो. नवरा वाईट नाही. हात उगारणं, दारू, पैशावरून बोलणं यातलं काही नाही. पण चार माणसं जमली की त्याला विषय लागतो, आणि तो विषय मी असते. मी 'घाटावरची', मला बांगडा आणि पेडवे एकच वाटतात, माझा मोदक उकडताना फुटतो, मी 'काय करालाईस' म्हणते. यातल्या बऱ्याच गोष्टींना मीही हसते. मोदक खरंच फुटतात.

या वेळी ऋषिपंचमीच्या रात्री भजन आटोपल्यावर पडवीत वीस-बावीस माणसं उसळ खात बसली होती. कोणीतरी गाडीचा विषय काढला आणि नवऱ्याने माझी आंबोली घाटातली गोष्ट सांगायला घेतली. मी गाडी शिकले तेव्हा पहिल्यांदाच एकटी माहेरी निघाले होते. अर्ध्या घाटात गाडी कडेला घेतली, अर्धा तास रडले आणि त्याला फोन केला. त्याने माझा आवाज काढून दाखवला. 'मला नाही जमणार, तू ये ना.' स्टिअरिंगला मिठी कशी मारली होती तेही करून दाखवलं. सगळी पडवी हसली.

त्याने जे सांगितलं नाही ते असं: माझे बाबा याच घाटात अपघातात गेले. मी थांबले ती जागा त्याच वळणाच्या अलीकडची होती. हे मी आयुष्यात फक्त त्याला सांगितलंय. त्याने बाबांचा भाग गाळला आणि उरलेल्याची नक्कल केली.

रात्री विचारलं तर म्हणाला, 'मी बाबांचं नाव तरी घेतलं का? मस्करी होती गं. सगळे हसले, तू एकटीच फुगून बसलीस.' सकाळी तो विसरूनही गेला होता.

मी जास्त मनाला लावून घेते का? खरं सांगा.

---

बंडू_शिरोडेकर | २० सप्टेंबर

ताई, घाटातली गोष्ट नको होती सांगायला, हे मान्य. पण बाकीचं मनावर घेऊ नका. मालवणी माणूस कोणाकच सोडणा नाय. आवशीक नाय, बापाशीक नाय, गाऱ्हाण्यात देवाक सुद्धा दोन शब्द सुनावता. आमच्याकडे ज्याची मस्करी करत नाहीत तो परका. तुमची करतात म्हणजे तुम्हाला घरातलं मानलं. घाटावर माणसं मोजून बोलतात, म्हणून तुम्हाला टोचतं.

---

भरती_ओहोटी | २० सप्टेंबर

सासरच्यांनी असं हसणं बरोबर नाही. सासूबाईंना स्पष्ट सांगा की सुनेचा असा अपमान चालणार नाही. मीही माझ्या वेळी एकदाच तोंड उघडलं, पुन्हा कोणी बोललं नाही.

---

सागरगोटा | २० सप्टेंबर

@भरती_ओहोटी, सासूबाईंचा काही दोष नाही. उलट त्या पडवीत न हसलेल्या त्या एकट्याच होत्या. उठून आत गेल्या आणि मला हाक मारली, 'गो, जरा चाय बघ.' चहा आधीच झाला होता. माझा प्रश्न नवऱ्याबद्दल आहे.

---

खडपे | २० सप्टेंबर

सोपा उपाय. त्याचीही एखादी गोष्ट बाहेर काढा. समुद्राकाठचा असून पोहता येत नसेल, नोकरीत काही झालं असेल, घोरत असेल. एकदा सगळ्यांसमोर खाल्ली की गप्प बसेल.

---

काजूबी | २० सप्टेंबर

@खडपे, मी हे केलंय, म्हणून सांगते. माझं लग्न ठरलंय. होणारा नवरा मित्रांमध्ये माझ्या वजनावर बोलायचा. मीही एकदा त्याच्या पडलेल्या परीक्षेवर बोलले. मित्र टाळ्या पिटायला लागले. त्यांच्यासाठी ती जुगलबंदी झाली. पुढच्या वेळी तेच म्हणाले, 'चला, तुमचं सुरू करा.' त्याचं थांबलं नाहीच, वर मीही तशीच झाले. घरी आल्यावर मला माझीच लाज वाटली. त्याच्या परीक्षेचं दुःख मला माहीत होतं.

---

कांदळवन | २१ सप्टेंबर

मी १७ वर्षं कौटुंबिक समुपदेशनाचं काम केलं, बहुतेक रत्नागिरी आणि सिंधुदुर्गात. त्यामुळे जरा सविस्तर लिहिते.

बंडू म्हणतात ते अर्धं बरोबर आहे. इथली गजाल अशीच चालते, आणि ज्याची फिरकी घेतात तोही दुसऱ्याची घेतो. पण एक पाहा. गजालीत बोलणारा आणि ऐकणारा सारख्या जोराचे असतात. आज तू माझी घे, उद्या मी तुझी घेईन. पडवीत वीस माणसं नवऱ्याची, सून आठ वर्षांपूर्वी आलेली, भाषाही वेगळी. तिथे तिने उलट फिरकी घेतली तर तिला कोणी हजरजबाबी म्हणणार नाही, 'तोंडाळ' म्हणतील. उलट बोलता येत नाही तिथे ती गजाल उरत नाही.

दुसरं म्हणजे, मोदक आणि घाट एका पंगतीत बसवू नका. मोदक सगळ्यांनी पाहिलेला असतो. घाटातली गोष्ट तुम्ही त्याच्या हाती विश्वासाने दिली होती. माझ्यासमोर आलेल्या जोडप्यांत सर्वांत खोल जखम अशाच विनोदांची असायची, ज्यांचा कच्चा माल रात्री एकांतात सांगितलेला असतो. अशा विनोदानंतर माणूस नवऱ्याला किंवा बायकोला काही सांगणंच कमी करतो. भांडण होत नाही. नुसतं सांगणं आटतं. सागरगोटा, गणपतीनंतर तुम्ही त्याला तुमचं काही सांगितलंत का?

आता त्याच्या 'एवढं काय त्यात'विषयी. तो खोटं बोलतोय असं धरून चालू नका. अमेरिकेत जस्टिन क्रुगर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००६ साली चिडवण्यावर एक अभ्यास प्रसिद्ध केला. चिडवणाऱ्याला वाटतं की आपला हेतू प्रेमाचा आहे हे समोरच्याला दिसतंच. समोरच्याला तो तसा दिसत नाही, त्याच्यापर्यंत फक्त शब्द पोचतात. तुमचा नवरा त्याच्या हेतूबद्दल बोलतोय आणि तुम्ही जे ऐकलंत त्याबद्दल. दोघंही खरं बोलताय, म्हणून हा वाद कधी संपत नाही. माझा सल्ला असा, की त्या वादात शिरूच नका.

---

सागरगोटा | २१ सप्टेंबर

नाही सांगितलं काही. परवा ऑफिसात एकीशी खटका उडाला. नेहमी मी घरी येऊन पहिलं त्याला सांगितलं असतं. या वेळी तोंडापर्यंत आलं आणि वाटलं, हे दिवाळीला पडवीत ऐकू येईल. तुम्ही विचारेपर्यंत माझ्या ते लक्षातही आलं नव्हतं.

---

माडाचीवाट | २१ सप्टेंबर

मी दोन दिवस हा धागा वाचतोय आणि लिहू की नको करतोय. मी तो नवरा होतो.

आम्ही चार भाऊ, मी धाकटा. तिघं मुंबईला चांगल्या पगारावर, मी गावात बाग आणि छोटा व्यवसाय बघतो. मे महिन्यात आणि गणपतीत सगळे जमले की त्यांच्या बोलण्यात फ्लॅट, गाड्या, परदेश. माझ्याकडे सांगण्यासारखं काही नसायचं. हसवणं मात्र जमायचं. मी बोलायला लागलो की मोठा दादाही हातातला मोबाईल ठेवायचा. आणि मला विषय कोण मिळायचा? दादावर बोलायची छाती नव्हती. वहिनीवर बोललो असतो तर आईने झापलं असतं. बायको गप्प बसायची, म्हणून बायको. तेव्हा हे इतकं स्पष्ट कळत नव्हतं. मी स्वतःला प्रेमळ नवराच समजत होतो.

तिने तीन-चार वेळा सांगितलं. मी दर वेळी म्हणालो, 'तुला विनोदच कळत नाही.' आता वाटतं, मला तिचं म्हणणं कळत होतं. पण ते मान्य केलं असतं तर मैफलीतलं माझं एकमेव स्थान गेलं असतं.

थांबलो तो मुलीमुळे. सात वर्षांची होती. पाहुणे आले होते, बायको बँकेच्या कामाबद्दल काही सांगत होती. मुलगी मध्येच म्हणाली, 'आईला काही कळत नाही, हो ना बाबा?' माझाच सूर, माझीच मान हलवण्याची पद्धत. आणि ते बोलून ती माझ्याकडे बघत होती, मी हसतोय का म्हणून.

मी हसलो नाही. एवढंच तेव्हा जमलं.

---

रातांबा | २२ सप्टेंबर

माडाचीवाट, तुम्ही लिहिलंत ते बरं केलंत.

माझी बाजू उलटी आहे. माझं दुकान बंद झालं आणि दोन वर्षं घर बायकोच्या पगारावर चाललं. ती तिच्या माहेरी म्हणते, 'आमचे साहेब घरून काम करतात, भाजी निवडायचं.' सगळे हसतात, मीही हसतो. पुरुषाने यावर तक्रार केली तर तोही विनोदच होतो. मित्राला सांगितलं तर तो म्हणाला, 'बरोबरच आहे की.' मला भाजी निवडण्याची लाज नाही. ती मला लोकांत बघते कशी, त्याचा त्रास होतो.

---

काजूबी | २२ सप्टेंबर

कांदळवन मावशी, वादात शिरू नका म्हणता, पण मग बोलायचं काय? मी बोलायला जाते आणि पाचव्या वाक्याला 'तू नेहमी असंच करतोस' यावर येते. मग तो माझ्या पाच चुका काढतो.

---

कांदळवन | २२ सप्टेंबर

@काजूबी, बहुतेकांचं तसंच होतं. मी लोकांना सांगायचे की एकच प्रसंग घ्या. आठ वर्षांचा हिशेब काढला तर समोरचा वकील होतो. आणि त्याच रात्री बोलू नका, परतीच्या प्रवासात मुलं मागे बसलेली असताना तर नकोच. दोन-तीन दिवसांनी, पोट भरलेलं असताना, घरात तिसरं माणूस नसताना बोला.

सागरगोटा यांच्या जागी मी एवढंच म्हणेन: 'पडवीत तू घाटातली गोष्ट सांगितलीस. ती मी तुला एकट्याला सांगितली होती. मला न विचारता ती पुन्हा कुठे सांगू नकोस.' यात त्याच्या स्वभावावर एक शब्द नाही. तो म्हणेल, 'मस्करी होती.' त्यावर 'नव्हती' म्हणू नका. म्हणा, 'मस्करी होती, मान्य. तरी नको.' तो म्हणेल, 'सगळे हसले.' म्हणा, 'हसले. तरी नको.' गोष्ट विनोदी होती का, हा प्रश्नच तुम्ही चर्चेला घ्यायचा नाही. तो घेतलात की तुम्हाला विनोदबुद्धी आहे हे सिद्ध करत बसावं लागतं.

एक धोका आत्ताच सांगून ठेवते. पुढच्या बैठकीत बहुतेक माणसं तुमच्या या विनंतीचाच विनोद करतात. 'मला हल्ली बोलायला बंदी आहे हो, परवानगी काढावी लागते.' ते ऐकून बायका खचतात आणि सोडून देतात. माझ्या अनुभवात मात्र खरी परीक्षा तिथेच असते. पहिला विनोद नकळत झाला असेल. 'दुखतं' असं सांगितल्यानंतर केलेला विनोद नकळत नसतो. तो किती वेळा होतो, आणि एकांतात त्याबद्दल विचारल्यावर चेहऱ्यावर ओशाळेपणा दिसतो की मजा, यावरून बरंच कळतं.

@रातांबा, हेच वाक्य तुम्हालाही चालेल. 'माहेरी दुकानाचा विषय मी काढीन, तू काढू नकोस.' हसणं मात्र आधी थांबवा. चेहरा नुसता साधा ठेवायचा, रागावायचं नाही. तुम्ही हसता तोवर बायकोला खरंच वाटत असेल की तुम्हाला चालतं.

---

बंडू_शिरोडेकर | २२ सप्टेंबर

मी अजून म्हणतो, सगळ्याच मस्करीला असं तोलायला लागलो तर माणसं पडवीत बसायची बंद होतील. शिमग्यात पालखीसमोर आम्ही काय काय बोलतो एकमेकांना, त्याचं काय करणार?

पण 'कच्चा माल रात्री सांगितलेला असतो' हे वाचून थोडा थांबलो. बायकोला विचारलं, 'मी तुझं काही असं सांगितलंय का?' तिने लगेच दोन सांगितल्या. एक अकरा वर्षांपूर्वीची. मला आठवतही नव्हती.

---

खडपे | २३ सप्टेंबर

शिमगा थोड्याच दिवसांचा असतो, बंडूशेठ, आणि तिथे सगळ्यांनाच बोलायची मुभा असते. यांच्याकडे एकाचाच शिमगा आणि वर्षभर. (उलट टोल्याबद्दल मी लिहिलेलं मागे घेतो. काजूबीचं वाचून पटलं.)

---

दर्याकिनारा | २३ सप्टेंबर

माझ्या बहिणीबद्दल विचारायचंय. तिला मूल नाही. नवरा प्रत्येक कार्यक्रमात त्यावर बोलतो. 'आमचं झाड नुसतं वाढलंय, मोहोर नाही.' नातेवाईक हसतात. तिने शंभर वेळा सांगून झालंय. आता ती कुठे जातच नाही. याला कायद्यात काही आहे का, की ही पण मस्करीच?

---

कांदळवन | २३ सप्टेंबर

@दर्याकिनारा, आहे. कौटुंबिक हिंसाचारापासून महिलांचे संरक्षण करणारा २००५ चा कायदा ऑक्टोबर २००६ पासून लागू आहे. त्याच्या कलम ३ मध्ये शाब्दिक आणि भावनिक छळ धरला आहे. अपमान, टिंगल, पाणउतारा, नावं ठेवणं हे त्यात येतं, आणि मूल नसण्यावरून किंवा मुलगा नसण्यावरून केलेली टिंगल तर वेगळी नाव घेऊन लिहिली आहे. 'मस्करीत बोललो' म्हटल्याने ती सुटत नाही. पण त्याच कलमात असंही आहे की सगळी परिस्थिती एकत्र बघायची. म्हणजे एखाद्या वाक्यावर निकाल होत नाही. काय बोलला, कुठे, कोणासमोर, तिने नको म्हटल्यावर पुन्हा किती वेळा, हे तारखेसह लिहून ठेवायला सांगा. जिल्ह्यात संरक्षण अधिकारी असतात, त्यांच्याकडे जाता येतं. १८१ हा महिलांसाठीचा मदत क्रमांक आहे. गेल्या गेल्या खटलाच होतो असं नाही, नुसतं बोलायलाही जाता येतं.

आणि बहीण कुठे जात नाही म्हणताय ना, तर आधी तुम्ही तिच्याकडे जा.

(रातांबा, या कायद्याखाली पुरुषाला तक्रार करता येत नाही. हिंदू विवाह कायद्यात क्रूरतेचं कारण मात्र नवरा-बायको दोघांसाठी आहे, आणि त्यात मानसिक क्रूरताही धरतात. तुमचं प्रकरण तिथे जाण्यासारखं मला वाटत नाही. विचाराल म्हणून आधीच सांगितलं.)

---

रातांबा | २४ सप्टेंबर

नाही, तिथे जायचंच नाही. रविवारी सासुरवाडीला गेलो होतो. भाजीचा विनोद झाला, मी हसलो नाही. बायकोने दोनदा माझ्याकडे पाहिलं. अजून बोललो नाहीये.

---

सागरगोटा | २६ नोव्हेंबर

बरेच दिवस लिहिलं नाही, माफ करा. काय झालं ते सांगते.

सप्टेंबरच्या शेवटी, मुलाला झोपवून, जेवण झाल्यावर बोलले. कांदळवन मावशींचं वाक्य मी कागदावर लिहून पाठ केलं होतं. तो 'मस्करी होती'वर आला, मी 'मान्य, तरी नको' म्हटलं. असं तीन वेळा झालं. मग म्हणाला, 'बरं बाई, आता तुझ्यासमोर तोंडाला कुलूप लावतो,' आणि दोन दिवस घुम्यासारखा राहिला. मला वाटलं, बिघडवलं मी सगळं.

परवा गावची जत्रा होती. दशावतार रात्री उशिरा सुरू होतो, त्याआधी घरी सगळे जेवायला. दिरांनीच विषय काढला, 'काय वहिनी, घाटातून आलात की बसने?' सगळ्यांनी याच्याकडे पाहिलं, आता हा नक्कल करणार म्हणून. आणि हा म्हणाला, 'त्या विषयावर मला बंदी आहे. परवानगी काढावी लागते.' अगदी मावशींनी लिहिलेले शब्द. लोक हसले. माझे हात थंड पडले.

मी म्हटलं, 'हो, बंदी आहे. ती गोष्ट माझी आहे.' आवाज चढवला नाही, पण हसलेही नाही. कोणी काही बोललं नाही. मग नणंदेने सोलकढीचं भांडं पुढे सरकवलं आणि नाटकात या वर्षी संकासुर कोण, असं विचारलं.

नाटकाला आम्ही शेजारी बसलो होतो. पहाटे कधीतरी त्याने विचारलं, 'तू नेमकी कुठे थांबली होतीस, त्या वळणाच्या आधी की नंतर?' आठ वर्षांत पहिल्यांदा विचारलं. मी सांगितलं. तो पुढे काही बोलला नाही. माफी मागितली नाही. मी वाट पाहत होते, पण नाही मागितली.

घाटाची गोष्ट आता निघणार नाही असं वाटतं. पण दुसऱ्याच दिवशी जेवताना 'घाटावरच्या आमटीत मासा शोधावा लागतो' झालंच. त्याने मला फारसं लागलं नाही, पण लागलं नाही म्हणून सोडून द्यावं की तेही बोलावं, हे ठरत नाही.

---

कांदळवन | २६ नोव्हेंबर

त्याने वळण विचारलं, हे मला माफीपेक्षा जास्त वाटतं. तरी माफी हवी असेल तर तुम्ही मागू शकता, तो तुमचा हक्क आहे. आमटीचं मात्र तुमचं तुम्हीच ठरवा. प्रत्येक गोष्ट बंद करायलाच हवी असं मी म्हणणार नाही.

---

माडाचीवाट | २७ नोव्हेंबर

माफी मागायला मला दीड वर्ष लागलं. एकांतात मागितली तेव्हा बायको म्हणाली, 'हसलात सगळ्यांसमोर, माफी स्वयंपाकघरात?' म्हणून पुढच्या मे महिन्यात भावांसमोर म्हणालो, 'हिच्यावरून मी पुष्कळ बोललो, ते चुकलं.' दादा गडबडून म्हणाला, 'अरे, आंबे खा.' फार अवघड गेलं. बायको त्या रात्री त्यावर काही बोलली नाही. पण दुसऱ्या दिवशी सगळ्यांत बसून तिने स्वतःहून एक गोष्ट सांगितली, तिच्या शाळेतली. मी ती कधी ऐकलीच नव्हती.

---

रातांबा | २७ नोव्हेंबर

मी बोललो, गेल्या आठवड्यात. तिने आधी तुमच्या यांच्यासारखंच म्हटलं, एवढं काय त्यात. मग थोड्या वेळाने विचारलं, 'दुकानाची पाटी तू अजून माळ्यावर का ठेवलीयस?' तिला ती पाटी माहीत आहे, हेच मला माहीत नव्हतं. पुढे बोलणं झालं नाही, तिची ड्युटी होती. आज रात्री बोलू म्हणाली आहे.

---

काजूबी | २७ नोव्हेंबर

माझं लग्न फेब्रुवारीत आहे. त्याला मी वजनाबद्दल तेच वाक्य सांगितलं. त्याने 'ठीक' म्हटलं. काल मित्रांत पुन्हा झालं. तिसरी वेळ. एकांतात विचारलं तर हसत होता. घरी कोणाला अजून सांगितलेलं नाही. मावशी, तुम्हाला व्यक्तिगत निरोप केलाय, वेळ मिळेल तेव्हा बघाल का?

---

कांदळवन | २७ नोव्हेंबर

बघितला. आज संध्याकाळी फोन कर.